'पाणी वाचवा' या विषयापासून नऊ टबांपर्यंत: नववीच्या प्रकल्पाची परिकल्पना कशी बांधायची

प्रश्न: सर, मी जालना जिल्ह्यात नववीला विज्ञान शिकवते. आमच्या गटाने 'दुष्काळ आणि पाणी बचत' हा विषय घेतला होता. तक्ते छान झाले, ठिबकचं मॉडेलही चाललं. पण परीक्षकांनी विचारलं, "तुमची परिकल्पना काय? चल कोणते? कंट्रोल कुठंय?" आणि लेकरं गप्प झाली. खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नसतं. विषय तोच ठेवून तपासता येईल अशी परिकल्पना कशी करायची, एखादं उदाहरण शेवटपर्यंत नेऊन सांगाल का?

उत्तर:

मॅडम, विषय अजिबात बदलू नका. फक्त 'दुष्काळ आणि पाणी बचत' हे अजून विषयाचं नावच आहे, त्यात कुणी काही दावा केलेला नाही. दावा नसला की तपासायलाही काही उरत नाही. 'पाणी वाचवा' ही विनंती आहे आणि विनंती खरी की खोटी हे प्रयोगाने ठरत नाही. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ही माहिती आहे. ती तक्त्यावर जरूर लिहा, पण ती परिकल्पना होत नाही. तुमचं ठिबकचं मॉडेल चाललं, पण ते चालणार हे आधीच ठाऊक होतं. ज्याचा निकाल आधीच माहीत आहे त्यावर परीक्षक काय विचारणार?

म्हणून पहिलं काम असं करा. गटाला एकच प्रश्न द्या: पाणी जातं कुठं? आपल्याकडच्या लेकरांकडून उत्तरं भराभर येतात. ऊस पितो, बोअरने उपसतो, नळ गळतो, ओढ्याने वाहून जातं, उन्हाने जमिनीतून उडून जातं. मग प्रत्येक उत्तराला एकच कसोटी लावा: हे आपल्या शाळेत, आपल्याकडच्या साधनांनी, आठ-पंधरा दिवसांत मोजता येईल का? भूजल मोजायला विहिरी हव्यात आणि दोन-चार हंगाम हवेत. उसाला वर्ष लागतं. नळाची गळती मोजता येते, पण त्यात बदलून पाहण्यासारखं फार काही नाही. 'जमिनीतून उडून जातं' याला मात्र एक वजनकाटा पुरतो. भिजलेल्या मातीचं वजन आज केलं, उद्या केलं, जेवढं कमी झालं तेवढं पाणी हवेत गेलं. मी हाच धागा धरून पुढे जातो.

दावा घट्ट करत नेणं

आता लेकरांना विचारा, जमिनीतून उडणारं पाणी कमी कशाने होईल? कुणीतरी म्हणेलच, "भुसकट टाकल्यावर." घरी सोयाबीन असतं, मळणीनंतर बांधावर ढीग पडलेला असतो आणि काही घरांत फळबागेच्या आळ्यात भुसकट टाकतातच. म्हणजे पहिला कच्चा दावा हाती आला: 'आच्छादनाने पाणी वाचतं.'

हे वाक्य फळ्यावर लिहा आणि त्यातल्या एकेका शब्दाला अडवा. आच्छादन कशाचं? किती? कोणत्या मातीवर? 'वाचतं' म्हणजे नेमकं काय मोजल्यावर कळेल? किती दिवसांत? आणि कशाच्या तुलनेत? शेवटचे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक गट विसरतो, आणि परीक्षकांचा घाव नेमका तिथेच बसतो. एकेक उत्तर वाक्यात घालत गेलं की ते असं होतं:

'सारख्या टबांत सारखी काळी माती सारख्याच पाण्याने भिजवून शाळेच्या व्हरांड्यात ठेवली, तर पहिल्या सात दिवसांत 20 ग्रॅम भुसकट पसरलेल्या टबांच्या वजनातली एकूण घट उघड्या टबांपेक्षा कमी असेल, आणि 10 ग्रॅमवाल्या टबांची घट या दोघांच्या मध्ये असेल.'

वाक्य लांबलचक आहे, कानाला गोड लागत नाही. चालेल. ते चुकीचं ठरू शकतं, हा त्याचा गुण आहे. सात दिवसांनी तिन्ही गटांची घट सारखीच निघाली, किंवा 10 ग्रॅमवाल्याची उघड्यापेक्षा जास्त निघाली, तर परिकल्पना पडली. ती कशाने पडेल हे प्रयोग सुरू करण्याआधी वहीत तारखेसह लिहून घ्या. नंतर लिहिलं की मन आपोआप निकालाकडे झुकतं, मोठ्यांचंही झुकतं.

एक गोष्ट मी मुद्दाम वाक्यात घेतलेली नाही: 'कारण भुसकटामुळे ऊन लागत नाही.' बरेच जण परिकल्पनेला असं 'कारण' जोडायला सांगतात. पण भुसकट दोन कामं करतं. मातीला सावली देतं, आणि ओल्या मातीवरून वारा थेट वाहू देत नाही, त्यामुळे वाफ भुसकटाच्या थरातून हळूहळू वर निघते. वरच्या प्रयोगात ही दोन्ही कामं एकत्रच होतात, म्हणून घट कमी झाली तरी ती सावलीने की थराने हे सांगता येणार नाही. कारण तपासायचंच असेल तर चौथा गट लागेल: माती उघडी, पण टबावर वीतभर उंचीला पुठ्ठ्याची सावली. पहिल्या वर्षी हे करू नका. कारण मनात असू द्या, चर्चेत बोला, पण परिकल्पनेत जेवढं तपासता येतं तेवढंच घाला.

चलांची नावं

नाव अस्पष्ट राहिलं की पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. 'आच्छादन' हे चलाचं नाव नाही. चलाला एकक हवं, नाहीतर दोन विद्यार्थी एकाच चलाच्या दोन वेगळ्या किमती लिहितील.

आपण स्वतः बदलतो तो स्वतंत्र चल: 'दर टबावर पसरलेल्या कोरड्या सोयाबीन भुसकटाचं वजन, ग्रॅममध्ये'. किमती 0, 10 आणि 20. बहुतेक वह्यांत थराची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. मी वजन घ्यायला सांगतो, कारण भुसकट दाबलं की जाडी निम्मी होते आणि उद्या तेच भुसकट फुगून वर येतं. वजन जागचं हलत नाही.

10 ग्रॅमच का, हा प्रश्न परीक्षक विचारतील, आणि इथे लेकरांना गुण मिळवता येतात. टबातल्या मातीच्या पृष्ठभागाचा व्यास मोजा. समजा तो 16 सेंटिमीटर भरला. त्रिज्या 8, म्हणून क्षेत्रफळ 3.14 × 8 × 8, म्हणजे साधारण 201 चौरस सेंटिमीटर. रानात हेक्टरी 5 टन भुसकट टाकलं, म्हणजे एकरी साधारण 2 टन, तर दर चौरस सेंटिमीटरला 0.05 ग्रॅम पडतं. 201 ला 0.05 ने गुणा, 10 ग्रॅम आलं. म्हणजे आपल्या 10 आणि 20 ग्रॅमचा अर्थ एकरी सुमारे 2 आणि 4 टन. आकडा असा कुठून तरी आलेला असावा, मनाने घेतलेला नसावा. व्यास मात्र टबाच्या तोंडाचा घेऊ नका. टब खाली निमुळता असतो, आपल्याला माती जिथपर्यंत भरली आहे तिथला व्यास हवा.

आपण मोजतो तो अवलंबी चल: 'सात दिवसांत टबाच्या वजनात झालेली एकूण घट, ग्रॅममध्ये'. 'ओलावा' असं लिहू नका. ओलावा आपण मोजतच नाही, आपण वजन मोजतो आणि टबाला भोक नाही म्हणून घट म्हणजे उडालेलं पाणी असं मानतो. हे 'मानतो' वहीत लिहिलेलं असलं की परीक्षकाला कळतं, गटाला आपण काय करतोय हे ठाऊक आहे.

कंट्रोल म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

तुमच्या गटाची अडचण इथे झाली असावी, कारण 'कंट्रोल' हा एकच शब्द दोन कामांना वापरला जातो. एक म्हणजे सगळ्या टबांत मुद्दाम सारख्या ठेवलेल्या गोष्टी. त्यांना स्थिर ठेवलेले चल म्हणा. दुसरं म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, भुसकट नसलेला संच. त्याला नियंत्रण संच म्हणा. 'कंट्रोल कुठंय' असं परीक्षकांनी विचारलं की बोट उघड्या टबांकडे जायला हवं, आणि 'काय काय कंट्रोल केलं' असं विचारलं की यादी वाचायला हवी.

नियंत्रण संच त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात, बाकीच्यांच्या शेजारी हवा. पहिल्या आठवड्यात उघडे टब आणि दुसऱ्या आठवड्यात भुसकटाचे, असं केलं तर मधेच आभाळ आलं, गार वारा सुटला की तुलना संपली. शेजारी असतील तर आभाळ सगळ्यांवर सारखंच येतं. हवामान आपल्या हातात नाही, ते स्थिर ठेवता येत नाही, पण सगळ्यांना सारखं वाटून देता येतं. वाटल्यास त्याच मापाचा, नुसतं पाणी भरलेला एक टबही बाजूला ठेवा. त्याची रोजची घट सांगते त्या दिवशी हवा किती तहानलेली होती.

स्थिर ठेवायच्या गोष्टींची यादी लेकरं लगेच म्हणतात: टब, माती, पाणी, जागा, वेळ. पण यादी म्हणून दाखवणं आणि प्रत्यक्ष सारखं ठेवणं यात बरंच अंतर आहे. माती आणि जागा या दोहोंवर थोडं थांबतो.

आपली काळी माती साधी नाही. तिच्यातली चिकणमाती, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज, पाणी घेतलं की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टबातही तेच होतं. एका टबात मोठी ढेकळं आणि दुसऱ्यात भुगा असेल तर पाणी दोन्हींत वेगळं मुरेल, भेगाही वेगळ्या पडतील. म्हणून सगळी माती एकाच ठिकाणची घ्या, सावलीत पसरून वाळवा, ढेकळं फोडा, चाळा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकाच ढिगात नीट कालवून मगच टबांत भरा. एका पाटीतली माती तीन टबांत आणि दुसऱ्या पाटीतली पुढच्या तीन टबांत गेली, तर तुम्ही भुसकट नाही, पाट्या तपासताय.

जागेचं म्हणाल तर व्हरांड्याच्या टोकाच्या टबाला जास्त वारा आणि तिरपं ऊन लागतं. म्हणून रोज वजन झाल्यावर प्रत्येक टब एक जागा पुढे सरकवा, शेवटचा पहिल्या जागी. आणि कोणता टब कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर लेकरांचा हात आपसूकच नीटस भरलेल्या टबावर भुसकट टाकतो.

मांडणी

नऊ टब घ्या, प्रत्येक गटाला तीन. एकच टब घेतला तर आलेला फरक भुसकटाचा की त्या टबाचाच, हे कधीच कळत नाही. टब एकाच रंगाचे, बिनभोकाचे. रोपवाटिकेच्या कुंड्या घेऊ नका, तळाच्या भोकातून गळालेलं पाणी तुम्ही उडालेल्यात मोजाल.

प्रत्येकात 2 किलो कोरडी माती तोलून भरा. वर तीन-चार बोटं काठ रिकामा राहू द्या, म्हणजे भुसकट वाऱ्याने उडत नाही. मग 500 मिलिलिटर पाणी, मोजपात्राने, तीन वेळा थोडं थोडं करून. एकदम ओतलं तर ते कडेने तळाला जातं आणि वरची माती कोरडीच राहते. रात्रभर टबाचं तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधून ठेवा, पाणी सगळीकडे सारखं मुरू द्या. सकाळी झाकण काढा, चिठ्ठ्यांप्रमाणे भुसकट पसरा आणि लगेच वजन करा. हे सुरुवातीचं वजन.

हा क्रम उलटा करू नका. भुसकट आधी पसरून वरून पाणी दिलं तर कोरडं भुसकट त्यातलं बरंचसं स्वतःच पिऊन घेतं. ते वरच्या वर उडून जातं आणि भुसकटाच्या टबांची घट उगाच वाढलेली दिसते. रानात पाऊस वरूनच पडतो हे खरं, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी परिकल्पना लागेल.

काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. टब, माती, पाणी मिळून पावणेतीन किलोच्या आत राहतं, म्हणून 5 किलोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. किराणा दुकानातला मोठा काटा अनेकदा 5-5 ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. त्यावर सात दिवसांची एकूण घट कळेल, रोजची बारीक घट नीट कळणार नाही. आणखी एक सवय लावा. एक लिटरची पाण्याची बाटली बूच घट्ट लावून बाजूला ठेवा आणि रोज टबांच्या आधी तिचं वजन करा. बंद बाटलीचं वजन बदलायला नको. बदललं तर काट्याचे सेल उतरलेत किंवा काटा तिरका ठेवलाय. ही बाटली परीक्षकांना आवर्जून दाखवा.

वजन रोज परिपाठाआधी, ठरलेल्या वेळी. सोमवारी सुरू करून पुढच्या सोमवारी संपवा. रविवारी शाळा बंद असते, त्या दिवसाची नोंद चुकली तरी एकूण घट बिघडत नाही, कारण ती पहिल्या आणि शेवटच्या वजनातून निघते. फक्त रविवारचा आकडा अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा ठेवा.

आकडे आले की

खालचे आकडे नुसते रीत समजण्यापुरते मी बनवलेत, ते कुणी वहीत उतरवू नयेत. समजा सात दिवसांची एकूण घट अशी आली: उघडे टब 232, 241, 226 ग्रॅम. 10 ग्रॅमवाले 171, 180, 165. 20 ग्रॅमवाले 128, 140, 134. सरासरी अनुक्रमे 233, 172 आणि 134.

नववीला सरासरीवर थांबायची सवय असते. त्याआधी प्रत्येक गटातल्या तीन टबांचा आपापसातला फरक बघा. उघड्यांत सगळ्यांत कमी 226 आणि सगळ्यांत जास्त 241, म्हणजे सारखंच वागवलेल्या टबांतही 15 ग्रॅमचा फरक पडला. तेवढा फरक काही न करताही पडतो. आता शेजारचा गट: 10 ग्रॅमवाल्यांचा सगळ्यांत मोठा आकडा 180, तो उघड्यांच्या सगळ्यांत लहान आकड्याच्या, 226 च्या, बराच खाली आहे. दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून फरक भुसकटाचा म्हणता येतो. हेच आकडे 210 ते 245 आणि 195 ते 230 असे एकमेकांत घुसलेले असते, तर सरासरी वेगळी असूनही 'या प्रयोगातून ठरवता आलं नाही' असंच लिहावं लागलं असतं. याहून पुढचं संख्याशास्त्र नववीला नको.

ग्रॅमचं रानाच्या भाषेत रूपांतर करायचं असेल तर मिलिमीटर वापरा, पाऊसही त्यातच मोजतात. 201 चौरस सेंटिमीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 20 ग्रॅम. उघडा आणि 20 ग्रॅमवाला यांतला फरक 99 ग्रॅम, म्हणजे सुमारे 5 मिलिमीटर. इथपर्यंत ठीक. यापुढे गट हमखास एकराचा हिशोब करतो: एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर, म्हणून 5 मिलिमीटरला 20,000 लिटर वाचले! तक्त्यावर हे फार भारी दिसतं, पण लिहू देऊ नका. रानात खालच्या थरांतून पाणी वर येत राहतं, पीक मुळांनी ओढतं, ऊन-वारा व्हरांड्यापेक्षा जास्त असतो. नऊ-दहा सेंटिमीटर माती असलेल्या बंद टबावरून एकराचं सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी गट घाबरतो तेव्हा

रोजच्या घटीचा आलेख काढला की एक विचित्र गोष्ट दिसण्याची बरीच शक्यता असते, आणि ती आधी माहीत नसेल तर 'प्रयोग फसला' म्हणून लेकरं आकडे खोडतात. वरच्याच बनवलेल्या उदाहरणात उघड्या टबांची रोजची सरासरी घट अशी समजा: 55, 48, 40, 32, 24, 18, 16. आणि 20 ग्रॅमवाल्यांची: 20, 20, 20, 19, 19, 18, 18. सहाव्या दिवशी दोन्ही सारखे झाले, सातव्या दिवशी भुसकटवाला टब उघड्यापेक्षा जास्त पाणी घालवतोय!

यात चूक काही नाही. उघडी माती सुरुवातीला वरपर्यंत ओली असते, तेव्हा हवा जेवढं मागेल तेवढं पाणी ती देते. दोन-चार दिवसांत वरचा थर वाळतो. मग मागणी कितीही असो, खालून वर जेवढं पोचेल तेवढंच उडतं, आणि वाळलेला थर स्वतःच झाकणासारखं काम करायला लागतो. भुसकटाखालची माती अजून ओलीच असते, म्हणून ती सावकाश पण सलग पाणी देत राहते. रोजची घट जास्त दिसते कारण तिच्याजवळ घालवायला अजून पाणी शिल्लक आहे. एकूण घट बघा, 134 विरुद्ध 233, फरक तसाच मोठा आहे.

यातून कळेल की परिकल्पनेत 'पहिल्या सात दिवसांत' आणि 'एकूण' हे दोन शब्द मी का घातले. टब दोन महिने ठेवले तर सगळेच वाळतील आणि घट जवळजवळ सारखी होईल. म्हणजे 'आच्छादनाने पाणी वाचतं' हे एका आठवड्याला खरं आणि दोन महिन्यांना, पाऊस-पाणी न देता, जवळजवळ खोटं ठरू शकतं. मुदत न घातलेला दावा तपासता येत नाही तो असा. मुदत कितीची घ्यायची हे ऋतूवर आहे. एप्रिलात सगळं चार दिवसांत उरकेल, डिसेंबरात प्रदर्शनाच्या वेळी पाणी हळू उडतं, तेव्हा दहा-बारा दिवस लागतील. मुख्य प्रयोगाआधी एक उघडा आणि एक भुसकटाचा, असे दोनच टब चार दिवस ठेवून बघा, म्हणजे मुदत आणि पाण्याचं माप ठरवता येईल. त्या दोन टबांचे आकडे मात्र निकालात मिसळायचे नाहीत.

बाकी बिघाड किरकोळ असतात आणि ओळखताही येतात. एखाद्या टबाचं वजन एका दिवसात एकदम दीडशे ग्रॅमने घटलं तर टब कलंडून माती-पाणी सांडलं असणार, तो टब कारण लिहून बाद करा. वजन वाढलं तर कुणीतरी पाणी घातलं किंवा पावसाची झड आत आली. भुसकटात सोयाबीनचे दाणे राहिले असतील तर तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, आणि रोप पाणी पितं, म्हणून भुसकट आधी पाखडून घ्या. काळ्या मातीची खास अडचण म्हणजे वाळताना ती टबाच्या कडेपासून सुटते आणि त्या फटीतून कडेची माती उघडी पडते. ती टाळता येत नाही. रोज फोटो काढा आणि 'मर्यादा' या मथळ्याखाली लिहा.

परीक्षकांपुढे

तक्ता एकच पुरे. वर परिकल्पनेचं वाक्य, त्याखाली तीन ओळी: काय बदललं, काय मोजलं, काय सारखं ठेवलं. मग नियंत्रण संचाचा फोटो आणि नऊही टबांचे मूळ आकडे, नुसती सरासरी नको. निष्कर्ष परिकल्पनेच्याच शब्दांत लिहायचा: 'व्हरांड्यातल्या टबांत, काळ्या मातीवर, पहिल्या सात दिवसांत 20 ग्रॅम सोयाबीन भुसकटाने एकूण घट कमी झाली.' त्यात 'शेतकऱ्यांनी आच्छादन वापरावे' हे घुसवू नका. टब, भुसकट आणि सात दिवस यांच्या पलीकडचं काहीही निष्कर्षात दिसलं की परीक्षक तिथेच पकडतात.

परिकल्पना पडली तरी तक्ता तोच राहील, फक्त निष्कर्षाच्या ओळीत 'आधार मिळाला नाही' येईल. मग पुढचा प्रश्न आकड्यांतूनच काढा. 10 आणि 20 ग्रॅमवाल्यांत फरक दिसला नाही, तर पुढच्या वेळी स्वतंत्र चलाच्या किमती 0, 5 आणि 10 घ्या. फरक दिसला पण तो सावलीचा की थराचा असं कुणी विचारलं, तर पुठ्ठ्याच्या सावलीचे तीन टब वाढवून बारा करा. भुसकटाऐवजी उसाचं पाचट घ्यायचं असेल तर वजनं तीच ठेवा, पाचटाचे तुकडे दोन-अडीच सेंटिमीटरचे करा, आणि सोयाबीनचे टबही पुन्हा शेजारी मांडा. मागच्या महिन्याच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर मधल्या काळात हवा बदललेली असते.